नऊ ओळी, ४९९

रोज सकाळी सव्वानऊला मी एका ओळीची वाट बघते. चहा पुढ्यात निवत असतो, बाहेर सावेडीच्या रस्त्यावर रिक्षा कोकलत असतात, आणि मी स्क्रीनला डोळे लावून बसलेली असते. ओळ आली की मगच चहाला हात लावते. आमच्या ऑफिसात याची चेष्टा होते. होऊ दे. ज्यांना माहीत नाही त्यांनी करावी, ज्यांना माहीत आहे ते करत नाहीत.

आमचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरच्या तीन खोल्या. माणसं सहा. नगरचं अहिल्यानगर झालं, पाटीवरचा पत्ता बदलला, पण जिन्यातला वास तोच राहिला, झेरॉक्सच्या शाईचा आणि खालच्या वडापाववाल्याच्या तेलाचा. आम्ही इतरांचे सर्व्हर सांभाळतो. मी त्यातली सगळ्यात जुनी. स्वभावाने तुसडी, असं माझी सख्खी बहीण सांगते, आणि ती खोटं बोलत नाही.

माझं काम लॉग वाचायचं. सर्व्हरच्या दारात इंजिनएक्स नावाचा एक प्रोग्राम बसवलेला असतो. बाहेरून मोबाईलवरून कुणी काही मागितलं की ते आधी त्याच्याकडे येतं. तो ते आत खऱ्या काम करणाऱ्या सर्व्हरकडे देतो, उत्तर घेतो, मागणाऱ्याला पोचवतो आणि प्रत्येक वेळी वहीत, म्हणजे लॉगमध्ये, एक ओळ लिहितो. कुणी मागितलं, काय मागितलं, काय झालं, किती सेकंद लागले. काय झालं ते तीन आकड्यांत लिहितो. २०० म्हणजे मिळालं. ५०२ म्हणजे आतला सर्व्हर आडवा झालेला, आणि हे आकडे एकेकटे येत नाहीत, ढिगाने येतात, त्यामुळे लगेच कळतं. ५०४ म्हणजे आतल्याने वेळेत उत्तरच दिलं नाही. इंजिनएक्स साठ सेकंद थांबतो आणि मग नाद सोडतो.

आणि एक आहे ४९९. हा आकडा इंजिनएक्सने स्वतःच काढलेला. अर्थ असा की उत्तर जायच्या आधीच मागणारा निघून गेला. ॲप बंद केलं, मागे गेला, फोन खिशात टाकला, काहीही. आपण काही चुकलेलो नाही, तोच थांबला नाही.

निदान मी तरी तसंच समजत होते.

एका धर्मादाय ट्रस्टचं ॲप आमच्याकडे होतं. सापाचं इंजेक्शन कुठल्या दवाखान्यात किती शिल्लक आहे, ते त्यावर दिसायचं. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या, राजूरच्या वरच्या वाड्या-पाड्यांवरच्या सिस्टर आणि आशाताई ते वापरायच्या. भात लावणीच्या दिवसांत साप निघतातच. साप चावलेल्या माणसाला गाडीत घातलं की पहिला प्रश्न, गाडी कुठल्या बाजूला न्यायची. त्याचं उत्तर हे ॲप द्यायचं. चांगलं काम होतं, मला त्याचा अभिमान होता, हेही सांगून टाकते.

धोक्याची घंटा मी लावली होती. दर पाच मिनिटांनी एक छोटा प्रोग्राम लॉग चाळायचा आणि गडबड दिसली की माझा मोबाईल वाजायचा. सुरुवातीला त्यात ४९९ सुद्धा मोजले जात होते. आणि मेली ती घंटा दिवसातून चाळीसदा वाजायची. डोंगरात माणसं चालता चालता ॲप उघडतात, रेंज जाते, परत उघडतात. प्रत्येक वेळी एक ४९९. आठवडाभर मी सहन केलं. मग एका दुपारी डोक्यात तिडीक गेली आणि मी त्या प्रोग्राममध्ये एक ओळ घातली, की ४९९ असलेल्या ओळी वगळ, बाकीच्या मोज. घंटा गप्प झाली. मी कोपऱ्यावर जाऊन उसाचा रस प्यायले. दोन वर्षं मला त्या ओळीची आठवणसुद्धा झाली नाही.

मग श्रावणातल्या एका सकाळी ट्रस्टच्या डॉक्टरांचा फोन आला. वयस्कर, सभ्य माणूस, कधी आवाज चढवत नाहीत.

ते म्हणाले, "एक चौकशी चालू आहे आमच्याकडे. नऊ दिवसांपूर्वी वरच्या एका पाड्यावरच्या बाईला लावणी करताना साप चावला. उपकेंद्राच्या सिस्टर तिला जीपमध्ये घेऊन फाट्यापर्यंत आल्या. तिथून दोन रस्ते. त्यांनी जवळचा दवाखाना धरला. तिथलं इंजेक्शन आदल्याच दिवशी संपलं होतं. मग परत फिरून दुसरीकडे निघाल्या. बाई रस्त्यातच गेली. तिशीची होती. दोन लहान मुलं आहेत."

मी म्हटलं, "अरेरे."

"सिस्टर म्हणतात, मी ॲप बघायचा प्रयत्न केला, ते उघडलंच नाही. तुमच्याकडे नोंद असेल ना?"

आमच्याकडे शोधाची नोंद दाखवणारं एक पान होतं. मी फोन कानाला लावूनच ते उघडलं, केंद्राचा क्रमांक टाकला. त्या तारखेला एकच नोंद, बारा वाजून सव्वीस मिनिटांनी.

"बारा सव्वीसला एकदा बघितलंय, डॉक्टर. त्याआधी काही नाही," मी म्हटलं.

ते म्हणाले, "बारा सव्वीसला. तोवर सगळं झालं होतं."

"बाकी तिकडे नेटवर्कचा प्रॉब्लेम असतोच," मी आपली जोड दिली. हे वाक्य आमच्या धंद्यात 'नमस्कार' म्हटल्यासारखं तोंडात बसलेलं असतं.

"नाही, त्या म्हणतात रेंज होती. बरं, ठीक आहे."

फोन ठेवला आणि मी दुसऱ्या कामाला लागले. हे मी तुम्हाला लपवणार नाही. एका बाईच्या नोकरीचा प्रश्न होता, तिच्या शब्दाचा प्रश्न होता, आणि मी कीबोर्डवरून हात न उचलता सांगून टाकलं, त्याआधी काही नाही.

तीन दिवसांनी ट्रस्टचं पत्र आलं. लेखी खुलासा द्या. सोबत सिस्टरच्या जबाबाची प्रत होती, हाताने लिहिलेली, अक्षर गोल, ओळीत. त्यात लिहिलं होतं, 'फाट्यावर गाडी उभी करून दहा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी ॲप उघडले. नऊ वेळा दाबले. नऊही वेळा गोल फिरत राहिले. नाइलाजाने जवळचा दवाखाना धरला.' खाली चौकशीवाल्याने शेरा मारला होता, की तांत्रिक नोंदीत हे आढळत नाही, सबब विधान असत्य दिसते.

मला राग आला, आणि तो सिस्टरचा आला. नऊ वेळा म्हणे! मरणाच्या दारातली बाई मांडीवर, आणि ही मोजत बसली होती? खोटं बोलायचं तर 'पुष्कळ वेळा' म्हणावं. तेव्हा कच्चा लॉग काढावा, आकडे तोंडावर मारावेत आणि विषय मिटवावा, असं माझ्या मनात होतं. हात झटकायलाच मी ती फाईल उघडली.

आमचा लॉग रोज रात्री गुंडाळला जातो आणि चौदा दिवस राहतो. पंधराव्या दिवशी आपोआप पुसला जातो. तो बारावा दिवस होता.

मी त्या तारखेची फाईल उघडली, त्या उपकेंद्राचा क्रमांक शोधायला लावला. ओळी आल्या. मी त्या मोजल्या. मग बोट ठेवून पुन्हा मोजल्या.

नऊ. आणि प्रत्येकीच्या मध्यात तोच आकडा, ४९९.

दहावी ओळ बारा सव्वीसची होती. २००. सेकंदाच्या शंभर भागांतले सात भाग.

खिडकीतून वडे तळल्याचा वास येत होता. दोन वर्षं मी ज्या ओळींकडे बघायचं नाही म्हणून सांगून ठेवलं होतं, त्या ओळी माझ्याकडे बघत होत्या. असलं काही मी एरवी बोलत नाही, मला भुताखेतांचं वावडं आहे. पण तसंच वाटलं.

शोधाच्या पानावर त्या का नव्हत्या ते मला तेवढ्यात कळलं. ते पान उत्तर पोचल्यावरच नोंद करतं. ज्याला उत्तर मिळालं नाही, तो आमच्या हिशेबी आलाच नव्हता. दारातल्या वहीने मात्र त्याला नऊदा येताना आणि नऊदा जाताना पाहिलं होतं. नेटवर्कही नीट होतं. रेंज नसती, तर ओळच आली नसती.

मग मी सेकंदांचा रकाना वाचला. तो रकाना मी अजूनही डोळे मिटून म्हणू शकते. ३०.००१. ३०.०००. ३०.००२. मग १४.६. ९.१. ६.३. ३.८. २.२. आणि शेवटचा ०.९.

पहिले तीन सरळ आहेत. आमचं ॲप तीस सेकंद थांबतं आणि स्वतःहून सोडून देतं. यंत्राने सोडलं की आकडा असा नेमका येतो. पण चौदा पूर्णांक सहाला यंत्र सोडत नाही. तिथे माणसाचं बोट आहे. तिथून पुढे ती स्वतः बंद करत होती आणि पुन्हा दाबत होती, आणि दर वेळी तिचा धीर आधीपेक्षा कमी उरत होता. ०.९ म्हणजे तिने दाबलं आणि उत्तराची आशाच न धरता बंद केलं. त्यानंतर गाडी निघाली असणार. पुसलेल्या पाटीवर खडूचा ठसा राहतो, तसा त्या सिस्टरचा जीव त्या रकान्यात राहिला होता. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिचा धीर कसा सुटत गेला हे मला सेकंदागणिक माहीत होतं.

शेजारच्या रकान्यात आतल्या सर्व्हरने घेतलेला वेळ असतो. तोही जवळपास तेवढाच, तीस, तीस, तीस. म्हणजे मागणी आत पोचली होती आणि अडकली होती आतच. कुठल्या सर्व्हरवर, तेही लिहिलेलं असतं. आमचे दोन होते. नऊच्या नऊ ओळी दुसऱ्या सर्व्हरच्या. त्याच सकाळी पहिल्या सर्व्हरवरची माणसं चुटकीसरशी उत्तर घेऊन जात होती.

नऊदा दाबल्यावर एकदाही पहिल्याकडे का गेली नाही? हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर आठवताच डोकं टेबलावर टेकलं. मागणाऱ्याच्या इंटरनेटवरच्या पत्त्याचे पहिले तीन आकडे बघून त्याला कायम त्याच सर्व्हरकडे पाठवायचं, असा नियम होता. लॉगिन तुटू नये म्हणून घातलेला. घातला कुणी? मीच. त्यामुळे ती नऊदा काय, नव्वद वेळा दाबती, तरी त्याच दारात जाती. आणि आमच्या ऑफिसचा पत्ता पडत होता पहिल्या सर्व्हरकडे. आम्ही कधीही ॲप उघडून बघितलं की झकास चालायचं.

दुसऱ्या सर्व्हरवर त्या सकाळी महिन्याचा एक रिपोर्ट अडकला होता. डेटाबेसकडे, म्हणजे साठ्याची माहिती असते तिकडे, जायच्या सगळ्या वाटा त्याने अडवून धरल्या आणि बाकीचे रांगेत. साडेबाराच्या थोडं आधी तो आपणहून सुटला. सर्व्हर जिवंत आहे का बघणारं आमचं पान डेटाबेसकडे जातच नाही, त्यामुळे ते तोवर 'मी ठीक आहे' म्हणत राहिलं. ५०४ यायला साठ सेकंद लागतात, आणि ॲप तिसाव्या सेकंदाला सोडतं, म्हणून एकही ५०४ आला नाही. मागणारा आपणहून गेला की इंजिनएक्स आतल्या सर्व्हरला दोषही देत नाही, म्हणून तो सर्व्हर वापरातून बाजूलाही झाला नाही. राहिले फक्त ४९९. त्यांचा त्या सकाळी नुसता डोंगर झाला होता, एरवीच्या मानाने कितीतरी. आणि घंटेला मी सांगून ठेवलं होतं, ते बघू नकोस.

मी सरांच्या खोलीत गेले. सर म्हणजे आमचे मालक, वयाने माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण मालक म्हणून सर. माणूस वाईट नाही. माझ्या आईच्या आजारपणात मी दोन महिने रजेवर होते, त्यांनी तोंडातून ब्र काढला नव्हता.

त्यांनी ओळी वाचल्या. दोनदा वाचल्या. मग चष्मा काढून ठेवला.

"हे तुम्ही कुणाला दाखवलंय?"

"तुम्हालाच."

"४९९ चा अर्थ काय, ताई? मागणाऱ्याने सोडलं. हेच लिहा की. खोटं नाही त्यात काही."

"सर, तिने सोडलं नाही. आपण उत्तर दिलं नाही."

"मला कळतंय. पण हे कागदावर गेलं की ट्रस्ट आपल्याला ठेवील का? सहा घरं आहेत इथे." त्यांनी पुन्हा त्या ओळींकडे बघितलं. "तीन दिवसांत तर फाईलच जाईल ना?"

त्यांनी ते धमकी म्हणून म्हटलं नव्हतं. आशा म्हणून म्हटलं होतं. खरं सांगते, एक क्षण मलाही ती आशा वाटली. काही करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. पंधराव्या दिवशी त्या नऊ ओळी आपोआप गेल्या असत्या, आणि सिस्टर खोटारडी ठरली असती, आणि मला कुणी कधीच काही विचारलं नसतं.

मी जागेवर आले आणि त्या फाईलची प्रत काढली. एक पेनड्राइव्हवर, एक माझ्या मेलवर. मग सरांना जाऊन सांगितलं की प्रत काढली आहे. ते म्हणाले, "काढलीच असणार तुम्ही." आणि मग हळूच म्हणाले, "लिहा. जे आहे ते लिहा."

मी खुलासा लिहिला. त्यात नऊ ओळी जशाच्या तशा घातल्या. एक गोष्ट मुद्दाम समजावली, की ओळ काम संपल्यावर लिहिली जाते, तेव्हा तिच्यावरची वेळ ही शेवटाची असते. पहिल्या ओळीवर दहा एक्केचाळीस आणि अडतीस सेकंद आहे, त्यातून तीस वजा केले की दाबल्याची वेळ निघते, दहा एक्केचाळीस आणि आठ. सिस्टरनी मिनिट बरोबर सांगितलं आहे. नियम मी घातला होता, घंटेतून ४९९ मी वगळले होते, आणि फोनवर चुकीची माहितीही मीच दिली, हेही लिहिलं.

डॉक्टरांनी वाचून फोन केला. "ॲप चाललं असतं तर ती वाचली असती का, हे कुणीच सांगू शकणार नाही," ते म्हणाले. "विष किती गेलं होतं, काय... पण सिस्टर खरं बोलत होत्या, एवढं तुमच्यामुळे झालं." मी म्हटलं, "त्या खोट्या ठरल्या तेही माझ्यामुळेच, डॉक्टर."

सिस्टरवरची चौकशी बंद झाली. ट्रस्टने काम काढून घेतलं नाही, ते का ते मला अजून कळलेलं नाही. मी सगळं बदललं. तो पत्त्याचा नियम काढला, साठाचे आठ सेकंद केले, म्हणजे एक सर्व्हर अडकला तर मागणी दुसऱ्याकडे जाते. ४९९ पुन्हा मोजायला घेतले. पटकन गेलेले वेगळे आणि वाट बघून गेलेले वेगळे, अशी चाळणी लावली. अर्ध्या तासाचं काम होतं हो. दोन वर्षांत मला अर्धा तास सापडला नव्हता.

एवढ्यावर झोप लागायला हवी होती. लागेना. पोळी लाटताना, दात घासताना ते आकडे यायचे, चौदा, नऊ, सहा, तीन, दोन. शेवटी एका शनिवारी मी संगमनेरवरून राजूरची एसटी धरली आणि तिथून जीपने वर गेले.

उपकेंद्र म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. सिस्टर व्हरांड्यात एका बाळंतिणीचं कार्ड भरत होत्या. पस्तिशीच्या, काटक. मूळच्या पाथर्डीकडच्या. आईबाप दर साल ऊस तोडायला जायचे, आणि त्या स्वतः मामीकडे राहून नर्सिंग शिकल्या, हे त्यांनी नंतर सांगितलं. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं नाही, कार्ड पुरं केलं, बाळंतिणीला वाटेला लावलं, मग माझ्याकडे बघितलं.

"कागद वाचला मी तुमचा," त्या म्हणाल्या. "चौकशीच्या साहेबांनी दिला हुता वाचायला."

"सिस्टर, माझी चूक झाली."

"व्हय. लिव्हलंय तुमी."

चहा आला. त्यांनी स्वतःच्या कपाला हात लावला नाही. मी विचारायचं नव्हतं ते विचारलं. "तुम्ही नऊ कसे मोजलेत?"

"ती मोजत हुती," त्या म्हणाल्या. "मांडीवर डोकं हुतं तिचं. मी दर वेळी म्हनायचे, आता येईल गं, ही बग आलं. ती म्हनायची, दोन झालं. तीन झालं. तोंडाकडं बघत हुती माज्या. नववं मी बंद केलं तर म्हनली, बाई, ऱ्हाऊ द्या आता, चला कुटंबी."

कोंबड्या अंगणात काहीतरी टोचत होत्या. मला रडू आलं आणि लाज वाटली, कारण रडण्याचा हक्क माझा नव्हता.

"आन् बारा सव्वीसला?" मी पुसट आवाजात म्हटलं. "तेव्हा का बघितलंत?" आयुष्यभर नगरला राहून मी त्यांच्यासारखंच 'आन्' म्हटलं, ते मला नंतर जाणवलं.

"ती गेली आन् गाडी थांबवली. मला कायबी सुचंना. हातात फोन तसाच हुता. दाबला." त्यांनी कप बाजूला सरकवला. "लगीच आलं. धा इंजेक्शनं शिल्लक हायती म्हनून. हिरव्या अक्षरात. दुसऱ्या रस्त्याला."

तो माझा २००. सेकंदाच्या शंभर भागांतले सात भाग. त्याचीच नोंद बघून मी डॉक्टरांना सांगितलं होतं, बारा सव्वीसला बघितलंय.

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "आता बरं चालतं म्हनं ते."

"हो. आता अडकणार नाही. अडकलं तर मला कळेल."

"मी दाबलं की तुमाला दिसतं?"

"दिसतं."

"तवाबी दिसत हुतं."

"हो."

"पन बगितलं न्हाई."

"नाही बघितलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग असता तर बरं झालं असतं. "मग आसं करू," त्या म्हणाल्या. "मी रोज सकाळी आल्यावर दाबीन. सव्वानवाला. काम नसलं तरीबी. तुमी बघा."

तेव्हापासून ओळ येते. सव्वानऊ, मागेपुढे एखादं मिनिट. रविवारी, दिवाळीत, पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर. २००, सेकंदाचा एक बारका तुकडा. मध्ये मला पुण्याहून चांगली नोकरी चालून आली. सगळ्यांनी वेड्यात काढलं, पण मी गेले नाही. कारण विचारलं तर आईचं नाव सांगितलं. खरं कारण कुणाला आणि कसं सांगणार? ही ओळ मी कुणाच्या हाती देऊन जाऊ?

आता गेल्या महिन्यातलं सांगते. एका सकाळी आमच्याकडे गिऱ्हाइकं आली होती. बोलण्यात वेळ गेला. जागेवर आले तेव्हा पावणेदहा वाजायला पाच मिनिटं होती. लॉग उघडला. सव्वानऊची ओळ नव्हती. पुढे-मागे बघितलं. नव्हती. ४९९ सुद्धा नाही, काहीच नाही. मी गिऱ्हाइकांसमोरच फोन लावला. तीन वेळा वाजून गेला. चौथ्यांदा उचलला.

"सिस्टर! काय झालं? ओळ नाही आली!"

"काय न्हाई झालं," पलीकडून शांत आवाज आला. "आज दाबलंच न्हाई. मुद्दाम."

"का?"

"बगत हुते, तुमी बगता का."

मी खुर्चीत बसले. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. फोनवर मागे कुणाचं तरी तान्हं रडत होतं, आणि सिस्टर त्याला जोजवत असाव्यात, कारण आवाज हलत होता.

"पंचवीस मिनिटं लागली, ताई," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "हो."